प्रत्येक सौद्यात जोखीम एकच टक्का, तरी एका सकाळी जवळजवळ दहा टक्के गेले

निनाद_कोथरूड · रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब आहे, पण गेले कित्येक दिवस हे डोक्यातून जात नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मी स्विंग ट्रेडिंग करतो, डिलिव्हरीत, उधारी न घेता. भांडवल दहा लाख. नियम एकच आणि तो मी कधी मोडला नाही: एका सौद्यात एक टक्क्याहून जास्त जोखीम घ्यायची नाही. स्टॉप खरेदीच्या आठ टक्के खाली, म्हणून प्रत्येक शेअरमध्ये सव्वा लाख. सव्वा लाखाचे आठ टक्के म्हणजे दहा हजार. २०२५च्या एप्रिलच्या सुरुवातीला असे आठ सौदे उघडे होते. आयटीतले दोन, वाहनांचे सुटे भाग बनवणारे दोन, एक केमिकल, एक धातू, एक इंजिनिअरिंग आणि एक एफएमसीजी. मला वाटत होतं, पाच-सहा सेक्टरमध्ये विभागलंय, छान आहे.

अमेरिकेच्या टॅरिफची घोषणा झाली. शुक्रवारी, ४ तारखेला, सगळेच थोडे थोडे पडले, पण एकाचाही स्टॉप लागला नाही. सोमवारी, ७ एप्रिलला, मी वनाजहून मेट्रोत बसलो होतो. सव्वानऊला निफ्टी २२,९०४ वरून थेट २१,७५८ च्या आसपास उघडला. मधले भाव आलेच नाहीत. सिव्हिल कोर्टला उतरेपर्यंत पाच जीटीटी लागून गेले होते. त्यांत मी लिमिट बरीच खाली ठेवली होती, म्हणून ऑर्डर गेली, पण गेली ती सकाळच्या सगळ्यात वाईट भावाला. पाचांचं मिळून ७३ हजारांचं नुकसान. दोन ठिकाणी लिमिट ट्रिगरला चिकटून होती. ट्रिगर लागला, ऑर्डर बाजारात गेली आणि भाव खाली असल्यामुळे नुसती लटकत राहिली. ते दोन मी अकराच्या सुमारास हाताने काढले, त्यांचे २५ हजार. एफएमसीजीचा तेवढा टिकला.

एकूण ९८ हजार. नियम एक टक्क्याचा आणि गेले ९.८ टक्के.

माझा प्रश्न असा: प्रत्येक सौदा नियमात होता, मग चूक नेमकी कुठे झाली? 'पोर्टफोलिओ हीट'ला मर्यादा घाला असं काही जण सांगतात. ती मोजायची कशी आणि मर्यादा किती ठेवायची?

---

शनिवारपेठी · रविवार, रात्री ९:४२

निनाद, सोपं आहे. एक टक्क्याऐवजी अर्धा टक्का करा. आठ सौदे गुणिले अर्धा म्हणजे चार टक्के. हीट वगैरे वेगळं मोजायची गरजच नाही. आणि तुम्ही रोखीने काम करता, म्हणजे पैसे संपले की सौदे आपोआप थांबतात. मर्यादा पडलेलीच असते.

---

रेल्वेवाली_ऋता · रविवार, रात्री १०:०५

मला वाटतं हीट म्हणजे मार्जिन किती वापरलं ते. मी ऑप्शन विकते आणि साठ टक्क्यांवर मार्जिन जाऊ देत नाही. तुम्ही तर शंभर टक्के पैसे लावले होते, तिथेच चुकलं.

---

मुठाकाठचा · रविवार, रात्री १०:५०

ऋता, मार्जिन म्हणजे ब्रोकरने अडकवून ठेवलेली रक्कम. हीट म्हणजे आज सगळे स्टॉप एकदम लागले तर खिशातून किती जाईल ती रक्कम. निनादचे दहा लाख लागले होते, पण कागदावरची हीट ऐंशी हजार होती, आठ टक्के. दोन्ही आकडे वेगळे. तुमचं शेवटचं वाक्य मात्र पूर्ण चूक नाही, त्याकडे परत येतो.

निनाद, आधी मोजणी. प्रत्येक उघड्या सौद्यात खरेदीभाव वजा स्टॉप, गुणिले शेअरची संख्या. सगळ्यांची बेरीज, भागिले भांडवल. बस. तुमचे आठ सौदे सुटे सुटे पाहिले तर प्रत्येकी एक टक्का. पण तो एक टक्का एकेकट्याने तुमच्याकडे येईल असं कुणी सांगितलं होतं? पानशेत, वरसगाव, टेमघर ही तिन्ही धरणं आपापल्या हिशोबाने पाणी सोडतात. प्रत्येकाचा आकडा पाहून घाबरायला होत नाही. पण ते सगळं पाणी शेवटी खडकवासल्यातच येतं आणि तिथून विसर्ग वाढला की भिडे पुलावर कुणी विचारत नाही, हे पाणी कोणत्या धरणाचं.

तुमच्या सात शेअरांना जोडणारी गोष्ट सेक्टर नव्हती, अमेरिका होती. आयटीची कमाई तिथून, सुट्या भागांची निर्यात तिथे, केमिकल तिथे, धातूचा भाव जगाच्या मागणीवर. कागदावर पाच गट, बातमीच्या बाबतीत एकच गट. म्हणून गट पाडताना सेक्टरचं नाव लिहू नका. 'कोणत्या एका बातमीने हे सगळे एकाच सकाळी पडतील' असा प्रश्न विचारा आणि त्या बातमीचं नाव लिहा. ४ जून २०२४ ला, निवडणूक निकालाच्या दिवशी, ज्यांच्याकडे सरकारी बँक, रेल्वे, संरक्षण आणि वीज असे चार वेगवेगळे शेअर होते, त्यांनाही हेच कळलं. निफ्टी सहा टक्क्यांच्या जवळ पडला, सरकारी बँकांचा इंडेक्स पंधराच्या आसपास. चार नावं, एकच सौदा.

ही कल्पना जुनी आहे. १९८३ मध्ये शिकागोत रिचर्ड डेनिस यांनी शिकवलेल्या टर्टल मंडळींना एका बाजारात जास्तीत जास्त चार युनिट, अगदी जवळच्या नात्यातल्या बाजारांत मिळून सहा, सैल नात्यातल्यांत दहा आणि एका दिशेला एकूण बारा अशी बंधनं होती. सौदा कितीही देखणा असो, गटाचा कोटा भरला की घ्यायचा नाही.

---

शनिवारपेठी · रविवार, रात्री ११:१५

पण माझं म्हणणं तेच झालं ना? अर्धा टक्का केला की एकूण आपोआप निम्मं.

---

मुठाकाठचा · रविवार, रात्री ११:३८

अर्धवट बरोबर आहे, राव. अर्धा टक्का कसा कराल यावर सगळं अवलंबून आहे.

एक रस्ता: स्टॉप आठ टक्क्यांवरच ठेवून सव्वा लाखाऐवजी साडेबासष्ट हजार लावायचे. मग आठ सौद्यांत पाचच लाख लागतात. उरलेले पाच लाख खात्यात दिसत राहतात आणि बाजार तेजीत असला की हात शिवशिवतो. महिन्याभरात आठचे सोळा सौदे होतात, हीट परत आठ टक्के. रोखीची मर्यादा होती म्हणता, पण ती दहा लाखांची मर्यादा आहे, जोखमीची नव्हे.

दुसरा रस्ता जास्त धोक्याचा आणि बहुतेक जण तोच धरतात: पैसे तेवढेच ठेवायचे, स्टॉप आठवरून चार टक्क्यांवर आणायचा. शीटवर हीट आठवरून चार होते आणि माणूस निर्धास्त होतो. पण ७ एप्रिलला बाजार उघडला तेव्हा तुमचा स्टॉप चारवर होता की आठवर, भावाला त्याचं काही नव्हतं. तो दोन्हींच्या खाली उघडला. निनादचं नुकसान बघा. सात शेअरांत पावणेनऊ लाख, गेले ९८ हजार, म्हणजे सरासरी ११.२ टक्के. चार टक्क्यांचा स्टॉप असता तर यातले काही शुक्रवारीच सुटले असते, हे खरं. पण जे रात्रभर उरले त्यांत तेच अकरा टक्के.

म्हणून हीटच्या शेजारी दुसरा रकाना हवा. त्यात स्टॉपकडे बघायचंच नाही. एका बातमीच्या गटात एकूण किती रुपये लागलेत ते घ्यायचे आणि तो गट उद्या सकाळी बारा टक्के खाली उघडला तर किती जातील ते लिहायचं. बारा हा माझा आकडा आहे, लहान शेअर असतील तर वाढवा. मी हीट पाच टक्क्यांवर जाऊ देत नाही, त्यातली निम्म्याहून जास्त एका गटात नाही, आणि हा दुसरा रकाना सहा टक्क्यांच्या आत ठेवतो. ऋता म्हणाल्या तो मुद्दा इथे येतो: पूर्ण पैसे एका बातमीवर लागले असतील तर स्टॉप कितीही जवळ असो, दुसरा रकाना ओरडतो.

---

मीनाक्षी_बाणेर · सोमवार, सकाळी ७:२०

माझा अनुभव सांगते, निनाद. मी बँकेतून निवृत्त झाले, ग्रॅच्युइटीतले चार लाख बाजारात आहेत. एका छोट्या कंपनीत ६० हजार होते, स्टॉप सात टक्क्यांवर. म्हणजे हिशोबाने ४,२०० ची जोखीम, एक टक्क्याच्या जवळ. एका संध्याकाळी ऑडिटरच्या राजीनाम्याची बातमी आली. सकाळी शेअर पाच टक्क्यांच्या लोअर सर्किटला उघडला, विकणारे लाखो, घेणारा एक नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज सकाळी नऊला ऑर्डर टाकत होते, रोज साडेतीनला रद्द होत होती. चौथ्या दिवशी निघाला तेव्हा साडेअकरा हजार गेले होते.

तेव्हापासून सर्किटवाल्या शेअरची हीट मी स्टॉपवरून धरतच नाही. लागलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा गेला असं समजते. साठ हजार लावायचे असतील तर बारा हजार जोखीम. म्हणजे माझ्या भांडवलाचे तीन टक्के एकट्या त्या शेअरला. तिथेच हात आखडतो.

---

मुठाकाठचा · सोमवार, सकाळी ८:०५

मीनाक्षीताई, हे फार नेमकं सांगितलंत. ज्या शेअरवर फ्युचर-ऑप्शन चालतात त्यांना ठरलेलं सर्किट नसतं, तिथे वाईट भावाला का होईना, निघता येतं. बाकीच्यांत स्टॉप ही नुसती इच्छा असते.

---

हिंजवडी_फेज२ · सोमवार, दुपारी १:१५

मला एक कळत नाही. निनादने स्टॉप लावलेच नसते तर काय झालं असतं? ७ तारखेला निफ्टी खालून वर येऊन २२,१६१ ला बंद झाला आणि १५ एप्रिलला २३,३०० च्या वर होता. त्यांचे बहुतेक शेअर परत आले असणार. म्हणजे नुकसान बाजाराने केलं नाही, स्टॉपने केलं.

---

निनाद_कोथरूड · सोमवार, दुपारी १:५०

खरं सांगायचं तर सातपैकी पाच आठवड्याभरात माझ्या विक्रीच्या भावाच्या वर गेले. हे पाहून फार त्रास झाला.

---

मुठाकाठचा · सोमवार, रात्री ९:३०

त्रास समजतो. मीही त्या दिवशी दोन सौदे तळाला विकले. पण मार्च २०२० आठवा. १३ मार्चला शुक्रवारी बाजार लोअर सर्किटला उघडला आणि त्याच दिवशी उलटून निफ्टी ९,९५५ ला बंद झाला. ज्यांनी विकलं नव्हतं ते त्या संध्याकाळी शहाणे वाटले. २३ मार्चला निफ्टी ७,६१० वर होता. सकाळी साडेनऊला बसून आज एप्रिल आहे की मार्च, हे मला तरी ओळखता येत नाही.

हिंजवडी यांच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र धरून ठेवण्यासारखी आहे. निनादला तळाला विकावं लागलं, कारण एका सकाळी सातही निर्णय एकदम अंगावर आले. हीट चार टक्के असती तर दोन शेअर पंधरा मिनिटं थांबून, भाव स्थिर होऊ देऊन काढता आले असते. मी आता उघडतानाच लागणाऱ्या ऑर्डर ठेवत नाही, पहिली पंधरा मिनिटं जाऊ देतो. पण हे हीट कमी असेल तरच परवडतं. हा माझा मार्ग आहे, सगळ्यांनी तो घ्यावा असं नाही.

---

हिंजवडी_फेज२ · सोमवार, रात्री ९:५५

पटलं असं नाही म्हणत, पण विचार करतो.

---

सॉफ्टवेअर_सुमेध · सोमवार, रात्री १०:४०

मी वर्षभर हीट मोजतोय आणि नऊ महिने चुकीची मोजत होतो, म्हणून शीटमधली चूक दाखवतो. C मध्ये संख्या, D मध्ये खरेदी, E मध्ये स्टॉप, H1 मध्ये भांडवल. मी हे लिहिलं होतं:

```
=SUMPRODUCT((D2:D9-E2:E9)*C2:C9)/H1
```

माझ्याकडे एक शेअर २७० ला घेतलेले ६०० नग होते. तो वाढत गेला, मी स्टॉप ३२० वर आणला. आता खरेदी वजा स्टॉप म्हणजे उणे पन्नास, गुणिले सहाशे, उणे तीस हजार. हा उणे आकडा बाकीच्या तीन सौद्यांची दहा-दहा हजारांची जोखीम खाऊन टाकत होता. दहा लाखांवर शीट २.२ टक्के दाखवत होतं, खरी हीट ५.२ होती. आणि २.२ पाहून मी नवे सौदे घेत गेलो. एका सौद्यातला पक्का नफा दुसऱ्याची जोखीम कमी करत नाही. आता असं आहे:

```
=SUMPRODUCT((D2:D9>E2:E9)*(D2:D9-E2:E9)*C2:C9)/H1
```

---

मुठाकाठचा · सोमवार, रात्री ११:१०

सुमेध, सूत्र बरोबर. पण H1 मध्ये काय धरता? सुरुवातीचे दहा लाख की आजचा, न विकलेला नफा धरून होणारा आकडा?

---

सॉफ्टवेअर_सुमेध · सोमवार, रात्री ११:१८

आजचा. ब्रोकरच्या ॲपवर दिसतो तो.

---

मुठाकाठचा · सोमवार, रात्री ११:४०

मग वर खरेदीभाव आणि खाली आजचं भांडवल अशी सरमिसळ होतेय. खाली न विकलेला नफा धरला, तर वरही आजच्या भावापासून स्टॉपपर्यंतचं अंतर धरायला हवं. तुमचा तो शेअर आज ३५० ला असेल तर स्टॉपपर्यंत तीस रुपये, सहाशे नग, अठरा हजार. खरेदीच्या हिशोबाने तो सौदा शून्य, आजच्या हिशोबाने दीड-दोन टक्के. नफा आपला मानून भांडवलात मोजायचा आणि तो परत जाणार असेल तेव्हा 'तो तर बाजाराचा पैसा' म्हणायचं, हे मला जमत नाही.

---

सॉफ्टवेअर_सुमेध · मंगळवार, सकाळी ८:३०

इथे मी सहमत नाही, काका. तसं मोजलं तर सगळ्यात चांगला चाललेला शेअरच हीट वाढवतो आणि त्याच्यामुळे नवा सौदा अडतो. तेजीत, जेव्हा कमवायचं, नेमके तेव्हाच हात बांधले जातात. मी खाली मूळ भांडवल धरेन आणि वर खरेदीभाव. सरमिसळ सुटली.

---

मुठाकाठचा · मंगळवार, सकाळी ८:५०

तेही सुसंगत आहे. फक्त खात्याचा आलेख खाली आला की तुम्हाला झोप लागते का, ते बघा. मला लागत नाही.

---

निनाद_कोथरूड · मंगळवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बसून माझं सध्याचं खातं मांडलं. भांडवल नऊ लाख धरतो.

तीन बँका आहेत: ०.९, ०.८, ०.९. एक फार्मा ०.७. एक दुचाकीवाली ०.८. आणि एक हॉटेलचा शेअर, ज्याचा स्टॉप खरेदीच्या वर आलाय, म्हणून शून्य. खरेदीभावाने एकूण ४.१ टक्के. आजच्या भावापासून मोजलं तर ५.९, कारण एकट्या हॉटेलमध्ये १.१ परत जाऊ शकतात आणि बाकीच्यांत मिळून आणखी ०.७.

मला उद्या एक नवा सौदा दिसतोय, ०.९ टक्क्याचा. सुमेधच्या मोजणीने बरोबर पाच होतात, घेता येतो. काकांच्या मोजणीने ६.८ होतात, येत नाही. हा नवा सौदाही बँकेचाच आहे, फक्त खासगी.

---

मुठाकाठचा · मंगळवार, रात्री १०:४५

मग मोजणीचा वाद इथे बाजूला ठेवा. बँकांचा गट आधीच २.६ आहे. पाचाच्या निम्मे अडीच. गट भरलाय, दोन्ही मोजण्यांनी.

---

शनिवारपेठी · मंगळवार, रात्री ११:००

पण खासगी आणि सरकारी बँका एक गट कशा? निकालाच्या दिवशी तुम्हीच सांगितलेत, सरकारी पंधरा टक्के पडल्या. बँक निफ्टी आठच्या आसपास होता.

---

मुठाकाठचा · मंगळवार, रात्री ११:२५

चांगला प्रश्न. त्या दिवशीची बातमी सरकारची होती, म्हणून सरकारी जास्त पडल्या. रिझर्व्ह बँकेने व्याजदराबद्दल किंवा कर्जवाटपाच्या नियमाबद्दल काही अनपेक्षित केलं तर दोन्ही एकत्र पडतील. मी त्यांना एक धरतो. तुम्ही 'निवडणूक' आणि 'रिझर्व्ह बँक' असे दोन गट करून सरकारी बँक दोन्हींत मोजलीत तर ते माझ्याहून जास्त काटेकोर होईल, पण शीट वाढत जाते आणि एक दिवस माणूस ती भरायचं सोडतो.

निनाद, नवा सौदा खरंच जास्त चांगला वाटत असेल तर तीन बँकांपैकी जी सगळ्यात ढिली आहे ती विका आणि तिच्या जागी हा घ्या. बँकेच्या जागी बँक.

---

निनाद_कोथरूड · बुधवार, सकाळी ९:०५

०.८ वाली बँक सहा आठवडे जागची हललेली नाही. तीच काढतो, पण साडेनऊनंतर. नवीन घेताना संख्या थोडी कमी करतो, म्हणजे गट अडीचवर येईल. दुसरा रकाना काल रात्री भरला: तीन बँकांत मिळून तीन लाख साठ हजार लागलेत, बारा टक्क्यांनी ४३,२००, म्हणजे ४.८ टक्के. मीनाक्षीताई, हॉटेलचा शेअर सर्किटवाला आहे, दहा टक्क्यांचं आहे. त्याला पाचवा हिस्सा धरायचा की कमी?

---

मीनाक्षी_बाणेर · बुधवार, सकाळी ९:१२

दहाचं सर्किट दोन दिवस लागलं तरी जवळजवळ पाचवा हिस्सा होतोच. मी तोच धरेन. आणि रोजची उलाढाल बघा. तुमच्याएवढे नग रोज सहज विकले जात असतील तर थोडं कमी धरायला हरकत नाही.